फवारणीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाची उद्दिष्टं कशी लिहावीत

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. फवारणी करणाऱ्यांसाठी मी पहिलं प्रशिक्षण आखलं, तेव्हा कागदावर पहिलं उद्दिष्ट लिहिलं होतं: ‘प्रशिक्षणार्थींना सुरक्षित फवारणीचं महत्त्व समजेल.’ तीन दिवस संपले. समजलं का, हे तपासायचं कसं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच वेळी एक मजूर सांगत होता, “दोन झाकनं टाकतो न भाऊ पंपाले, आजलोक काई नाई झालं.” औषध झाकणाने मोजायची त्याची सवय जशीच्या तशी होती.

म्हणून सुरुवात क्रियापदापासून करा. ‘समजेल’, ‘जाणून घेईल’, ‘जागरूक होईल’ ही डोक्यातली गोष्ट झाली, ती कोणाला दिसत नाही. मोजून दाखवेल, निवडेल, दुरुस्त करेल, कारण सांगेल, हे दिसतं. ‘प्रशिक्षक नोझलची माहिती देतील’ हेही उद्दिष्ट नव्हे, ते तुमचं काम आहे. वाक्याचा कर्ता नेहमी शिकणारा हवा.

मग त्या क्रियापदाला दोन गोष्टी जोडा: हातात काय दिलं असताना तो हे करेल, आणि किती बरोबर आलं की पास. आमचं मधलं उद्दिष्ट असं झालं:

‘१५ लिटरचा पाठीवरचा पंप, साधं पाणी, मोजपात्र आणि आखलेली १० बाय १० मीटर जागा दिल्यावर प्रशिक्षणार्थी एकरी किती पाणी लागतं ते मोजून काढेल आणि एका पंपात किती मिली औषध घ्यायचं ते सांगेल. उत्तर प्रशिक्षकाच्या हिशेबापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त चुकू नये.’

हे प्रत्यक्षात असं होतं. पंपात खुणेपर्यंत पाणी भरायचं, रोजच्या चालीने ती जागा फवारायची, आणि पुन्हा खुणेपर्यंत यायला किती पाणी लागलं ते मोजायचं. समजा पाच लिटर लागलं. एकरात अशा साधारण ४० जागा बसतात, म्हणजे एकरी २०० लिटर, म्हणजे तेरा पंपांहून थोडं जास्त. लेबलवर एकरी १०० मिली लिहिलं असेल, तर एका पंपाला साडेसात मिली. दोन झाकणं म्हणजे किती, हे झाकणागणिक बदलतं, आणि हे त्या माणसाला मोजपात्र हातात घेतल्यावरच दिसलं. लिहिता-वाचता न येणाऱ्याला हिशेब तोंडी करू द्या. तपासायचं आहे ते मोजमाप, अक्षर नव्हे.

आता शिकण्याच्या पातळ्या. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या मांडणीच्या २००१ मधल्या सुधारित रूपात सहा आहेत: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. ‘समजणं’ हे पातळीचं नाव आहे. उद्दिष्टात मात्र समजल्याचं दिसेल असं क्रियापद हवं, जसं ‘स्वतःच्या शब्दांत कारण सांगेल’. तीन दिवसांत सहाही पातळ्या बसवायचा हट्ट नको. डब्यावरचे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण जास्त विषारी ते कमी विषारी असे ओळीने सांगणं, हे आठवणं. वरचं मोजमाप म्हणजे वापरणं. फवारा एका बाजूलाच पडतोय, तर नोझल झिजलंय की कचरा अडकलाय हे खोलून शोधणं, हे विश्लेषण. आणि वारा, ऊन, ढग पाहून आज फवारायचं की नाही हे ठरवून दोन कारणं देणं, हे मूल्यमापन. अशी चार उद्दिष्टं पुरतात.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पातळी एकट्या क्रियापदाने ठरत नाही. सकाळी तुम्ही अडकलेलं नोझल दाखवलं आणि दुपारी तेच नोझल देऊन ‘दोष शोधा’ म्हणालात, तर माणूस शोधत नाही, त्याला आठवतं. कागदावर विश्लेषण लिहिलेलं असलं तरी तपासली गेली ती आठवण. आम्ही सकाळी नोझलचा कचरा दाखवतो आणि तपासणीत गाळणी तुंबलेला पंप देतो. तक्रार तीच, फवारा कमी येतो, पण कारण वेगळं. तो थेट नोझलकडे गेला आणि तिथेच थांबला, तर उद्दिष्ट गाठलेलं नाही. नोझल स्वच्छ पाहून पुढे गाळणी उघडली, तर गाठलं.

एका वाक्यात दोन कामं आली, की ती एकमेकांना झाकतात. ‘मास्क-हातमोजे घालेल आणि पंप धुवेल’ यात एक जमलं, एक नाही, तर काय लिहाल? दोन वाक्यं करा. वरच्या मोजमापात पाणी आणि औषध एकत्र ठेवलं, कारण दुसरं उत्तर पहिल्यातूनच येतं.

शेवटी वेळेचा हिशेब करा. वीस जण, प्रत्येकाला मोजमापासाठी दहा मिनिटं आणि पंप एकच, तर तीन तासांहून जास्त वेळ जातो. चार पंप आणि तपासायला चार माणसं मिळाली तर पाऊण-एक तासात उरकतं. पंप मिळणार नसतील, तर मोजमाप सोडू नका. मूल्यमापनाचं उद्दिष्ट काढा आणि तो वेळ इकडे द्या.