असाइनमेंटच्या फोटोवरून कामांची यादी बनवताना या चुका टाळा

सूचनांचा फोटो काढला, फोनमधल्या सोयीने त्यातला मजकूर उचलला आणि यादीत चिकटवला, की काम झाल्यासारखं वाटतं. पण खरे घोटाळे आकड्यांत होतात. शब्द चुकीचा उचलला गेला तर वाचताना लगेच खटकतो, 50 चे 60 झाले तर काहीच खटकत नाही.

एक नमुना घेऊ. 2000 शब्दांचा अहवाल आहे आणि त्यात 10 टक्के कमी-जास्त चालतं. गुणांच्या तक्त्यात चार ओळी आहेत: प्रस्तावना 20, केस विश्लेषण आणि पर्यायांची तुलना 50, शिफारस 20, संदर्भ व मांडणी 10. हे सगळं मिळून विषयाच्या एकूण गुणांपैकी 40 टक्के.

तक्ता सलग मजकूर म्हणून उचलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मजकूर उचलताना बऱ्याचदा आधी डावा रकाना वरून खाली वाचला जातो, मग उजवा. आपल्या तक्त्यातलं दुसरं नाव लांब असल्यामुळे छापताना दोन ओळींत मोडलेलं असतं. त्यामुळे नावांच्या ओळी होतात पाच आणि आकडे मात्र चारच. वरून क्रमाने जोड्या लावल्या तर ‘केस विश्लेषण आणि’ला 50, ‘पर्यायांची तुलना’ला 20, ‘शिफारस’ला 10 आणि ‘संदर्भ व मांडणी’ला काहीच नाही, असं होऊन बसतं. शिफारशीचं वेटेज निम्मं दिसतं आणि तिला वेळही निम्माच दिला जातो.

इथे बेरीज करून पाहण्याचा उपयोग नाही, कारण ती तरीही 100 च येते. बेरीज चुकलेला आकडा पकडते, सरकलेली ओळ पकडत नाही. म्हणून आधी नावं आणि आकडे मोजा. संख्या जुळली तरी तक्ता हातानेच उतरवा: फोटो मोठा करून एका ओळीवर बोट ठेवायचं आणि नाव व आकडा एकदमच लिहायचा. चार-सहा ओळींना फार वेळ लागत नाही.

मग वेटेज विषयाच्या एकूण गुणांत बदला. 40 टक्क्यांच्या असाइनमेंटमधले 50 टक्के म्हणजे विषयाच्या 100 पैकी 20 गुण. प्रस्तावना 8, शिफारस 8, संदर्भ व मांडणी 4. बेरीज 40 आली पाहिजे. यादीत दोन्ही आकडे ठेवा, नाहीतर 50 टक्के अहवालाचे की विषयाचे, हे नंतर कळत नाही.

शब्दमर्यादेचा फक्त आकडा लिहिणं

2000 च्या डोक्यावर तळटीपेचा बारीक 1 असेल तर तो चिकटून 20001 होतो. हे निदान डोळ्यांना दिसतं. पण ± चं नुसतं + झालं तर खालची मर्यादा गायब होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. यादीत थेट ‘1800 ते 2200’ लिहा. तळटीप पानाच्या अगदी तळाशी असते आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते. संदर्भसूची, तक्ते, परिशिष्ट शब्दांत धरायचे की नाही, हे बहुधा तिथेच असतं. त्यामुळे कागदाच्या चारही कडा फोटोत हव्यात आणि मागची बाजूही.

एका वाक्याचं एकच काम धरणं

‘दोन पर्यायांची तुलना करून योग्य पर्यायाची शिफारस करा व तिच्या मर्यादा सांगा’ हे वाक्य एक, कामं तीन. क्रियापदं मोजा आणि प्रत्येकाला स्वतंत्र चौकट द्या. सगळं एकाच चौकटीत ठेवलं तर तुलना लिहून झाल्यावर खूण केली जाते आणि मर्यादा राहून जातात.

सबमिशनचे नियम आपल्या शब्दांत लिहिणं

इथे जसंच्या तसं उतरवा: फाइलचा प्रकार, फाइलचं नाव, त्यातली अंडरस्कोअर, नाव लिहायचं की फक्त क्रमांक. तारखेचा वार कॅलेंडरवर जुळवा; 3 चा 8 झाला असेल तर बहुधा इथे सापडतो. ‘शुक्रवारी रात्री 12’ यातून गुरुवार संपतानाचे बारा की शुक्रवार संपतानाचे, हे ठरत नाही. विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत आधीची वेळ धरा.

यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे फोटोचा क्रमांक लिहा, आणि जे नीट वाचता आलं नाही तिथे अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह टाका. तेवढ्याच भागाचा जवळून, सरळ वरून, सावली न पडू देता पुन्हा फोटो घ्या.