एलआरयू कॅशचा ट्रेस काढताना या चुका टाळा

सेट-असोसिएटिव्ह कॅशचे हिट-मिस तपासताना मला सर्वाधिक वेळा दिसणारी चूक अशी की, मिस झाला की विद्यार्थी तक्ता बदलतात आणि हिट झाला की फक्त ‘हिट’ लिहून पुढे सरकतात. अलीकडे वापरलेला ब्लॉक कोणता हे हिटमुळेही बदलते; ते न नोंदवल्यास आपण नकळत एलआरयूऐवजी फिफो चालवत असतो.

उदाहरणार्थ, १६ बाइटचे ब्लॉक, ४ सेट आणि प्रत्येक सेटमध्ये २ जागा असलेली रिकामी कॅश घ्या. सेटमधला सर्वांत अलीकडे वापरलेला ब्लॉक मी नेहमी डावीकडे लिहितो, म्हणजे बाहेर काढायचा तो कायम उजवीकडचा असतो. खालचे सर्व ब्लॉक सेट ० मध्येच येतात.

```
पत्ता   ब्लॉक   निकाल   सेट ०
०      ०      मिस    ०
६४     ४      मिस    ४ ०
८      ०      हिट    ० ४
१२८    ८      मिस    ८ ०
४      ०      हिट    ० ८
७२     ४      मिस    ४ ०
```

तिसऱ्या ओळीत ब्लॉक ० डावीकडे सरकवला नाही, तर चौथ्या ओळीत ४ ऐवजी ० बाहेर जातो, पाचवी ओळ मिस होते आणि दोन हिटांऐवजी एकच उरतो. उजवीकडच्या ब्लॉकवर हिट होऊनही क्रम जसाच्या तसा राहिला असेल, तर तिथेच थांबून मागे पाहावे.

एका विद्यार्थ्याने हीच चूक असलेला सिम्युलेटर लिहिला होता आणि तो बरोबर असल्याबद्दल त्याची पूर्ण खात्री होती, कारण चाचणीतला प्रत्येक आकडा जुळत होता. चाचणीत मात्र ०, ४, ८, ०, ४, ८ असे ब्लॉक पुन्हापुन्हा फिरत होते. दोन जागांच्या सेटमध्ये अशा क्रमाला एलआरयू आणि फिफो दोन्हीकडे निव्वळ मिसच मिळतात, त्यामुळे हिटनंतरची चूक उघडी पडायला एकही हिट नव्हता. वरचे सहा पत्ते दिल्यावर त्याचा सिम्युलेटर एकच हिट दाखवू लागला. केवळ एकूण बेरीज जुळवून समाधान मानण्याची ही घाई मला मुळीच मान्य नाही. प्रत्येक ओळीत बाहेर गेलेला ब्लॉकही जुळला पाहिजे.

दुसरी चूक पत्त्याला थेट सेटांच्या संख्येने भागण्याची. आधी १६ ने भागून ब्लॉक क्रमांक काढावा (७२ चा ब्लॉक ४), मग ४ ने भागून बाकी म्हणजे सेट आणि भागाकार म्हणजे टॅग, इथे अनुक्रमे ० आणि १. वरच्या उदाहरणात ही चूक फसवी ठरते, कारण प्रत्येक पत्त्याला ४ ने भागले तरी बाकी शून्यच येते आणि सेट योग्य वाटतो. पण ०, ८ आणि ४ हे एकाच ब्लॉकमधले पत्ते तीन वेगळे ब्लॉक समजले जाऊन सहाही वेळा मिस होतो.

वापराचा क्रम प्रत्येक सेटचा स्वतंत्र असतो. संपूर्ण कॅशची एकच यादी ठेवू नये. सेटमध्ये रिकामी जागा असेल, तर कोणालाही बाहेर काढू नये.