सायबर कॅफेची आठवड्याची तपासणी : मशीन थंड असतानाच सुरुवात करा

तालुक्याच्या गावात माझा आठ मशीनचा कॅफे आहे. नुसतं इंटरनेट बघायला आता कुणी येत नाही. भरतीचे फॉर्म, शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश, सातबारा आणि प्रिंट, यावरच दुकान चालतं. त्यामुळे मशीन मध्येच बंद पडलं की गिऱ्हाइकाचा अर्धा भरलेला फॉर्म जातो, आणि अनेकदा तो शेवटच्या तारखेचाच असतो.

आधी तपासणीचा वार ठरवा, आणि तो रविवार नसू द्या. रविवारी आपल्याला सवड असते हे खरं, पण जिल्ह्याच्या ठिकाणची स्पेअरची दुकानंही त्याच दिवशी बंद असतात. आमच्याकडे गुरुवारी बाजार भरतो, म्हणून मी बुधवारी सकाळी तपासतो. काही लागलंच तर संध्याकाळच्या एसटीने आणता येतं. वेळ मात्र दुकान उघडण्याआधीचीच हवी, कारण पंख्याचा आजार थंड मशीनवरच ऐकू येतो.

पंखा रातोरात मरत नाही. त्याच्या बेअरिंगमधलं वंगण सुकत आलं की सकाळी मशीन सुरू करताना घरघर येते आणि पाच-दहा मिनिटांत गरम झाल्यावर थांबते. दुपारी तपासलं तर सगळं ठीकच वाटणार. म्हणून दुकानातला छताचा पंखा, टीव्ही, देवापुढचं भजन सगळं बंद करायचं आणि एकेक मशीन वेगवेगळं सुरू करून कान द्यायचा. घरघर असेल तर वहीत त्या मशीनपुढे खूण करायची. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून काही आठवडे निघतात, पण मी त्या भानगडीत पडत नाही. पंखा स्वस्त मिळतो, प्रोसेसर नाही.

मग कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसच्या जाळीशी तळहात धरायचा. हवा येते का, आणि शेजारच्या मशीनइतकी येते का, एवढंच बघायचं. हवा मंद असेल तर बाहेरून धूळ काढायची, पण एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढा चार्ज राहू शकतो.

तापमानासाठी HWMonitor हा फुकट प्रोग्रॅम पुरतो. कुठला आकडा चांगला हे नवीन माणूस आधी विचारतो. पण मे महिन्यातला आणि डिसेंबरातला आकडा सारखा कसा येईल? म्हणून मी आकड्यापेक्षा शेजारची मशीनं आणि मागचे आठवडे बघतो. दाराजवळच्या पाच नंबरचं उदाहरण घ्या. रस्त्याची धूळ तिथे थेट येते. बाकीची मशीनं रिकामी असताना ४१ ते ४३ अंशांत होती, आणि वहीत पाच नंबरपुढे लागोपाठच्या बुधवारी ४३, ४७ आणि ५५ असे आकडे पडले. दहा मिनिटं व्हिडिओ चालवल्यावर ते ८८ वर गेलं. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. त्या मशीनवर बसणारे ‘हँग होतंय’ म्हणत होते आणि विंडोज नव्याने टाकायचा सल्लाही देऊन गेले होते.

झाकण काढलं तर वरून पंखा बऱ्यापैकी स्वच्छ. खरी घाण पंख्याच्या खाली असते. क्लिपा सोडवून पंखा उचलला, तर हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला, गोधडीच्या अस्तरासारखा. हवा आत जायला वाटच नव्हती. नमदा चिमटीने उचलला, उरलेलं ब्रश आणि ब्लोअरने काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा शेजाऱ्यांच्या बरोबरीला आलं. दोन गोष्टी सांभाळा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंगच खराब होतं. आणि हीटसिंक प्रोसेसरवरून उचलू नका. उचलला तर थर्मल पेस्ट नव्याने लावल्याशिवाय परत बसवायचा नाही.

केबलीत सगळ्यात फसवी लॅनची. ती पूर्ण तुटली तर लगेच कळतं. आतली एखादी जोडी तुटली तर इंटरनेट चालूच राहतं, फक्त वेग पडतो, आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. १ जीबीपीएससाठी तारेच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएस दोनच जोड्यांवर चालतं. पॉवरशेलमध्ये हे टाका:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, LinkSpeed
```

सगळीकडे 1 Gbps आणि एकीकडेच 100 Mbps दिसलं तर आधी शेजारची चांगली केबल लावून बघा. वेग परत आला तर केबल दोषी. (तुमचा स्विचच शंभराचा असेल तर सगळीकडे शंभरच दिसेल, तो दोष नव्हे.) जोडणी मधूनमधून तुटत असेल तर राउटरचा पत्ता टाकून `ping -n 100 192.168.1.1` चालवा आणि तेवढ्यात केबल दोन्ही टोकांपाशी हळूच हलवा. Request timed out कुठल्या टोकाला आलं की क्लिप कुठे बदलायची ते समजतं. टेबलामागचा भाग टॉर्च लावून बघाच, उंदीर तिथेच कुरतडतात.

मॉनिटरची जुनी व्हीजीए केबल स्वतःच सांगते. पडदा पिवळट दिसला तर निळ्या रंगाची जोडणी सुटलेली असते. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले की भागतं. वीजेच्या वायरीला मात्र हात लावून बघायचं नाही, आधी डोळ्यांनी बघायचं. एक्स्टेंशन बोर्डावर भोकांपाशी तपकिरी डाग पडला असेल तर तिथला पत्रा सैल होऊन तापतोय. तो बोर्ड त्याच दिवशी काढा. कॅबिनेटला हात लागून मुंग्या येत असतील तर मशीनला दोष देऊ नका, अर्थिंग नाही. वायरमन बोलवा.

माऊसला मी फार वेळ देत नाही. नोटपॅडमधल्या लांब ओळीवर बटण दाबून धरून हळू ओढायचं. निवड मध्येच सुटली, किंवा एकाच टिचकीत फोल्डर उघडलं, तर आतला स्विच गेलाय. फॉर्मच्या ‘सबमिट’वर अशी टिचकी दोनदा पडली तर काय होईल ते तुम्हीच बघा. असा माऊस काढून टाकायचा, डागडुजी परवडत नाही. बाण नुसताच थरथरत असेल तर खालच्या भिंगापाशी केस अडकलाय का ते आधी बघा.

की-बोर्ड उलटा करून पाठीवर थापट्या मारल्या की बिस्किटाचा चुरा पडतो. मग नोटपॅडमध्ये आकड्यांच्या दोन्ही जागा, @, टिंब, शिफ्ट आणि बॅकस्पेस एकेकदा दाबायचं, तेही बटणाच्या कडेला. मधोमध जोरात दाबल्यावरच उमटणारं बटण आठवडाभरात दगा देतं. एका दाबात दोन अक्षरं येणारं त्याहून वाईट, कारण पासवर्डच्या ठिपक्यांत ते दिसत नाही आणि मुलगा तीनदा चुकून लॉक होतो. पुसायला कपड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मशीन बंद ठेवून. सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि बटणं चिकट होतात.

गल्ल्याखालच्या खणात एक की-बोर्ड, दोन माऊस, दोन लॅन केबली, एक पॉवर कॉर्ड आणि एक पंखा तयार ठेवा. काढलेली खराब केबल मात्र तिथे टाकू नका. मी ती मधोमध कापूनच फेकतो, नाहीतर घाईच्या दिवशी कामाला ठेवलेला पोरगा नेमकी तीच परत लावतो.