राउटर बदलल्यावर प्रिंटर वायफायवर परत आणताना

नवीन राउटर लावला की फोन, लॅपटॉप लगेच जोडले जातात, पण जुना प्रिंटर ऑफलाइनच राहतो. तो अजून जुन्या वायफायचं नाव शोधत असतो. आणि बरेच जुने प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांच्या यादीत दिसतच नाही.

१. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू आहे ना, ते पाहा. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या, उदाहरणार्थ `Ghar_24`. सुरक्षा WPA2 ठेवा. नुसतं WPA3 असेल तर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नाही.

२. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क सेटिंग रीसेट करा, मग वायरलेस सेटअपमध्ये `Ghar_24` निवडून पासवर्ड टाका. कॅपिटल अक्षरं नीट बघा, छोट्या स्क्रीनवर तिथेच घोळ होतो.

३. वायफायचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की बहुतेक प्रिंटरांवर जोडणी झाली असं समजा. तरी कॉम्प्युटरवर ऑफलाइन दिसला, तर जुनी नोंद काढून प्रिंटर नव्याने जोडा, कारण त्या नोंदीत बऱ्याचदा जुना आयपी पत्ता अडकलेला असतो.

लॅपटॉप ५ वर राहिला तरी चालतं, राउटर दोन्ही बँड एकाच नेटवर्कमध्ये ठेवतो. फक्त `Ghar_24` हे गेस्ट नेटवर्क म्हणून बनवू नका. तिथली उपकरणं सहसा बाकीच्यांपासून तोडलेली असतात आणि प्रिंट जाणारच नाही.