लंबकाची सिद्धता: पाठ करण्याआधीचे चार दिवस

बारावीच्या साध्या लंबकाचं सूत्र, T = 2π√(L/g), पहिल्या दिवशी पाठ करूच नका. संध्याकाळी कापूस वेचून आलात की अंगणातल्या कडुलिंबाला सुतळीनं दगड टांगा. गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत 1 मीटर ठेवा आणि थोडासाच झोका द्या. जाऊन परत आला की एक झोका, अशा 20 झोक्यांना साधारण 40 सेकंद लागतील. दगड जड घेतला तरी तेवढेच. दोरी 25 सेंटीमीटर केली की 20 सेकंद.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून सिद्धता वाचा. दगडाला मध्याकडे ओढणारं बल mg sinθ. त्यातही m, त्वरणाच्या बाजूलाही m, म्हणून वस्तुमान कटतं. काल तेच पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहा. बहुतेक पोरं sinθ च्या जागी θ का आला, इथंच अडकतात. अडलं की पुस्तक न उघडता समासात प्रश्न लिहा. कोन लहान असेल तरच हे चालतं, तेही θ रेडियनमध्ये मोजला तर. 60 अंशांचा झोका दिला तर वेळ सुमारे 7 टक्के वाढतो.

तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्या. प्रत्येक ओळीचं कारण धाकट्या भावाला सांगता आलं, तरच सूत्र पाठ करा.