संध्याकाळी केबल इंटरनेट मंदावतं, तेव्हा या चुका टाळा

“रात्री नऊला नेट मरतं” अशी तक्रार घेऊन येणारा माणूस हमखास स्पीड टेस्टचा आकडा पुढे करतो, आणि तो आकडा डाउनलोडचा असतो. निम्मा वेळ इथेच वाया जातो. हायब्रिड फायबर कोॲक्समध्ये वस्तीतल्या नोडपर्यंत फायबर असतं आणि तिथून घराघरात कोॲक्स केबल जाते. या जाळ्यात संध्याकाळी बऱ्याचदा आधी अपलोडची वाट भरते. डाउनलोडचा आकडा दिमाखात उभा असतो आणि व्हिडिओ कॉल मात्र तुटत असतो.

कोॲक्सवर टीव्हीचे चॅनल वरच्या फ्रिक्वेन्सीवर आधीपासून बसलेले होते. अपलोडच्या, म्हणजे परतीच्या वाटेला खाली उरलेली चिंचोळी पट्टी मिळाली: उत्तर अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झ, युरोपीय पद्धतीत ५ ते ६५. त्यातही २० मेगाहर्ट्‌झच्या खाली गोंगाट इतका असतो की तो भाग फारसा कामाचा राहत नाही. ६.४ मेगाहर्ट्‌झचा एक अपस्ट्रीम चॅनल ६४-क्वाम मॉड्युलेशनवर साधारण २७ एमबीपीएस वाहतो. असे चार चॅनल एकत्र बांधले तर शंभराच्या थोडं वर जातं. ही क्षमता त्या नोडच्या त्या भागावरच्या सगळ्या घरांची मिळून आहे. त्याच घरांना डाउनलोडसाठी ६ मेगाहर्ट्‌झचे ३२ चॅनल असतील तर बाराशेच्या आसपास एमबीपीएस मिळतात. वाटा असा विषम असताना फक्त डाउनलोड मोजून निदान करणं चूक आहे.

आता माझा सगळ्यात जास्त राग ज्या चुकीवर आहे ती: मंदावलं की मोठा प्लॅन घेणं.

एका घरी हेच झालं होतं. रात्री मीटिंगमध्ये समोरच्यांना यांचा आवाज तुटक ऐकू यायचा. आधी राउटर बदलला, मग अपलोड १० वरून २० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. फरक शून्य. मी गेलो तेव्हा राउटर काढून लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडला, घरातलं बाकी सगळं बंद केलं आणि कंपनीच्या टोकाला असलेल्या सीएमटीएसला पिंग लावला. थेट मोडेमला जोडलेलं असेल तर वाटेतला पहिला पत्ता सहसा त्याचाच असतो, मध्ये राउटर असेल तर दुसरा.

```
traceroute -n 8.8.8.8
ping -c 100 <पहिल्या टप्प्याचा पत्ता>
```

दुपारी उत्तर ९ ते १२ मिलिसेकंदांत येत होतं. रात्री तीच चाचणी ४० पासून १८० पर्यंत हेलकावे खात होती, आणि घरातून दुसरं काहीच जात नव्हतं. मग मोडेमचं पान `192.168.100.1` उघडलं. अपस्ट्रीम पॉवर दोन्ही वेळी ४३ डीबीएमव्ही, मॉड्युलेशन दोन्ही वेळी ६४-क्वाम, लॉगमध्ये T3 ची, म्हणजे सीएमटीएसकडून वेळेत उत्तर न आल्याची, एकही नोंद नाही. म्हणजे केबल स्वच्छ होती, सिग्नल ठीक होता. रांग घराच्या बाहेर होती.

ही रांग कशी लागते ते समजलं की प्लॅनवर पैसे जात नाहीत. एका केबलवरचे मोडेम एकमेकांना ऐकू शकत नाहीत. म्हणून प्रत्येकाला आधी सीएमटीएसकडे “मला इतके बाइट पाठवायचे आहेत” अशी विनंती करावी लागते, आणि तो कोणी कधी बोलायचं याचा नकाशा थोड्या थोड्या मिलिसेकंदांनी पाठवत राहतो. विनंतीची जागा मात्र अनेकांना सामायिक असते. दोघांनी एकाच वेळी विनंती केली की ती आदळते, मग दोघेही यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतात, आणि पुन्हा आदळलं तर थांबण्याची मर्यादा दुप्पट होते. दुपारी हे जाणवतही नाही. रात्री चॅनल काठोकाठ भरला की विनंती मंजूर व्हायलाच वेळ लागतो. प्लॅन ही तुमच्यावरची कमाल मर्यादा असते, चॅनलमधली राखीव जागा नसते. प्रत्येकी २० एमबीपीएसने पाच घरं एकाच वेळी फोटोंचा बॅकअप चढवू लागली की चार चॅनल संपले.

डाउनलोडही यात सापडतो. ३०० एमबीपीएसने काही उतरवताना पोच म्हणून वर जाणारी पाकिटंच सहा एमबीपीएसच्या आसपास होऊ शकतात. मोडेम त्यातली बरीच गाळतो, पण उरलेल्यांनाही त्याच रांगेत थांबावं लागतं.

त्या घराने दुपारचे आणि रात्रीचे आकडे शेजारी शेजारी मांडून कंपनीला दिले आणि अपस्ट्रीम चॅनलचा वापर तपासायला सांगितलं. पुढे तो नोड विभागला गेला आणि रात्रीचा पिंग दुपारच्या जवळ आला. खरा उपाय तोच: कमी घरं एका नोडवर, किंवा परतीची पट्टी ८५ मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंद करणं. दुसऱ्यासाठी वाटेतल्या प्रत्येक ॲम्प्लिफायरमधले फिल्टर बदलावे लागतात, त्यामुळे ते एका फोनवर होत नाही.

दुसरी चूक, बाजारातून ॲम्प्लिफायर आणून लावणं. झटपट उपाय शोधणाऱ्यांचा हा आवडता. परतीची वाट नसलेला ॲम्प्लिफायर तुमचा अपस्ट्रीमच अडवतो. परतीची वाट असलेला स्वस्त ॲम्प्लिफायर गोंगाटही वाढवून पाठवतो, आणि वर जाताना सगळ्या घरांचा गोंगाट नोडवर एकत्र होतो, म्हणून एका घरातला सैल एफ-कनेक्टरही अख्ख्या वस्तीला त्रास देतो. पॉवर ५० च्या पुढे गेली असेल तर मी आधी स्प्लिटर काढतो. चार वाटांचा स्प्लिटर सुमारे ७ डीबी खातो, आणि मोडेमला तेवढं जास्त ओरडावं लागतं. मोडेमसाठी मी पहिल्याच दोन वाटांच्या स्प्लिटरवरून सरळ तार नेतो.

रात्री मॉड्युलेशन ६४ वरून १६-क्वामवर उतरत असेल आणि लॉगमध्ये T3 दिसत असतील, तर दोष बहुधा गोंगाटाचा आहे. तेव्हा क्षमता दोन तृतीयांश उरते, आणि लोकांना ती गर्दीच वाटते. तक्रारीत ही नोंद वेगळी लिहा, कारण त्यावर तंत्रज्ञ घरी पाठवावा लागतो, तर गर्दीवर त्याचा उपयोग नसतो.

मोडेम दर अर्ध्या तासाने बंद-चालू करू नका. बऱ्याच मोडेममध्ये लॉग पुसला जातो आणि पुरावाही.

वाय-फायवर मोजलेला आकडा मी पाहतच नाही.

राउटरमधलं एसक्यूएम, म्हणजे घरातल्या पाकिटांची रांग आवरणारी सोय, सगळ्यावर उतारा म्हणून लावणारेही भेटतात. तुमच्याच घरातला अपलोड मोडेमच्या बफरमध्ये तुंबत असेल तर ते उत्तम काम करतं: मर्यादा प्रत्यक्ष अपलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. घर रिकामं असतानाही पिंग उडत असेल तर रांग शेजाऱ्यांसोबतची आहे, आणि तिथे तुमच्या राउटरचं काही चालत नाही. तोपर्यंत मी बॅकअप पहाटे तीनला लावतो आणि मीटिंगमध्ये व्हिडिओचा दर्जा खाली आणतो. आवाजाला शंभर केबीपीएससुद्धा पुष्कळ होतात.