डायोड रेक्टिफायरचं आउटपुट कसं काढायचं: एक आडवळणाचं उदाहरण

नाशिकला डिप्लोमा आणि सीईटीच्या मुलांना शिकवताना एक गोष्ट नेहमी दिसते. डायोड दिसला रे दिसला की मुलं साइन वेव्हचे वरचे डोंगर काढून मोकळी होतात. पेपर काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून तो डायोड उलटा लावतो आणि इनपुटला साइनऐवजी भलताच आकार देतो. असाच एक प्रश्न घेऊ.

सोर्सचं एक टोक ग्राउंडला आहे. दुसऱ्या टोकाला डायोड जोडलाय, पण त्याचा कॅथोड सोर्सकडे आहे. अ‍ॅनोडपासून ग्राउंडपर्यंत 1 किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि आउटपुट त्या रेझिस्टरवर घ्यायचंय. इनपुट असं: 0 ते 2 मिलिसेकंद +6 व्होल्ट, 2 ते 4 मिलिसेकंद −10 व्होल्ट, मग 4 ते 6 मिलिसेकंदांत −10 वरून तिरक्या रेषेत शून्यावर. डायोड सिलिकॉनचा, म्हणजे चालू असताना त्यावर 0.7 व्होल्ट पडतात असं धरायचं.

आउटपुटची रेघ ओढण्याआधी इनपुटचा आकार जिथे बदलतो तिथे उभ्या तुटक रेषा मारा. मग प्रत्येक तुकड्यात डायोड काढून टाकलाय असं समजा आणि बघा, त्याच्या मोकळ्या जागेत अ‍ॅनोडच्या बाजूचं व्होल्टेज कॅथोडपेक्षा किमान 0.7 ने जास्त आहे का? असेल तर डायोड चालू, नाही तर बंद. इनपुट धन की ऋण एवढंच बघून निकाल द्यायचा नाही. मुलं नेमकी तिथेच फसतात.

पहिल्या तुकड्यात कॅथोडवर +6 आहे. करंट नाही म्हणून रेझिस्टरवर काही पडत नाही, आणि अ‍ॅनोड ग्राउंडइतकाच, शून्यावर. डायोड बंद, आउटपुट शून्य. इथे 0.7 वजा करून −0.7 लिहिणारेही भेटतात. बंद डायोडवर 0.7 धरायचेच नसतात.

दुसऱ्या तुकड्यात कॅथोड −10 वर, अ‍ॅनोड शून्यावर. डायोड चालू होतो. करंट ग्राउंडकडून रेझिस्टरमधून वर चढतो आणि डायोडमधून सोर्समध्ये जातो. अ‍ॅनोड कॅथोडपेक्षा 0.7 ने वर राहणार, म्हणून आउटपुट −9.3 व्होल्ट आणि करंट 9.3 मिलिअँपिअर. चिन्ह ऋणच राहतं. रेक्टिफायर आहे म्हणून पट्टा उचलून वर काढला की मार्क गेले.

तिसऱ्या तुकड्यात खरी गंमत आहे. इनपुट दर मिलिसेकंदाला 5 व्होल्टने वर येतं आणि आउटपुट त्याला समांतर, 0.7 ने वर राहून −9.3 पासून चढतं. इनपुट −0.7 वर पोचलं की आउटपुट शून्य होतं आणि डायोड बंद पडतो. 9.3 भागिले 5 म्हणजे 1.86, म्हणून हा क्षण 5.86 मिलिसेकंदांचा. तिथून 6 पर्यंत आउटपुट सपाट शून्य. प्रश्नात डायोड आदर्श म्हटला असेल तर हा सपाट तुकडा नसतो आणि तळ थेट −10 वर जातो.

उत्तर तपासायला डायोडवरचं व्होल्टेजही खाली काढा: इनपुट वजा आउटपुट. 2 मिलिसेकंदांपर्यंत +6, मग 5.86 पर्यंत −0.7, आणि शेवटी −0.7 वरून शून्याकडे. डायोड चालू असताना इथे 0.7 शिवाय दुसरा आकडा दिसला तर कुठेतरी गडबड आहे. काही पेपरांत आउटपुटची टोकं मुद्दाम डायोडवरच दाखवतात. तेव्हा हीच आकृती उत्तर ठरते.

आता हेच इनपुट चार डायोडच्या ब्रिज रेक्टिफायरला द्या. करंट दर वेळी दोन डायोडमधून जातो, म्हणून 1.4 वजा होतात. आउटपुट आधी 4.6, मग 8.6, आणि नंतर उतरत 5.72 मिलिसेकंदांना शून्य. दोन्ही पट्टे एकाच उंचीचे काढायची सवय साइन वेव्हमुळे लागते.

लॅबमध्ये ट्रान्सफॉर्मर लावून ब्रिज बघणार असाल तर डीएसओच्या, म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोपच्या, दोन चॅनेलवर इनपुट आणि आउटपुट एकदम लावू नका. बहुतेक डीएसओमध्ये दोन्ही प्रोबचे ग्राउंड क्लिप आतून जोडलेले असतात. एक क्लिप सेकंडरीच्या टोकाला आणि दुसरा ब्रिजच्या मायनसला लावला की मधला डायोड शॉर्ट होतो. स्क्रीनवर फुल वेव्हच्या जागी हाफ वेव्ह दिसते, आणि उरलेल्या अर्ध्या सायकलमध्ये सेकंडरी एकाच डायोडमधून शॉर्ट होऊन तो डायोड तापतो. आधी इनपुट बघून प्रोब काढा, मग आउटपुट बघा.